स्पेससूटच्या आत एवढ्या नळ्या कशाला?

(आमच्याकडून स्पेससूटची प्रतिकृती प्रदर्शनासाठी नेणाऱ्या शाळांसाठी)

सूट उघडून दाखवला की मुलांचा हात आधी जातो तो आतल्या घट्ट कपड्यात ओवलेल्या बारीक नळ्यांकडे. खऱ्या सूटमध्ये त्या जवळजवळ 90 मीटर भरतात आणि त्यांतून गार पाणी फिरत असतं.

बाहेर एवढी थंडी असताना गारवा कशाला? थर्मासमधला चहा आठवा. भोवती हवा नसली की उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. सूट तसाच थर्मास आहे, आणि आत माणूस राबतो आहे. 1966 साली जेमिनी 9-ए मोहिमेत यानाबाहेर पडलेले अंतराळवीर यूजीन सर्नन यांचा सूट नुसत्या खेळत्या ऑक्सिजनने गार ठेवला जाई. ते घामाने निथळले, समोरची काच वाफेने धुरकटली आणि काम अर्धवट टाकून परतावं लागलं. पुढे पाण्याच्या नळ्या आल्या.

हे पाणी अंगातली उष्णता पाठीवरच्या पेटीत नेतं. तिथे वेगळं थोडं पाणी सच्छिद्र धातूच्या पत्र्यातून निर्वातात पाझरतं, गोठतं आणि त्या बर्फाची थेट वाफ होते. वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. माठ गार राहतो त्याच तत्त्वावर.

सूटमधला दाब आपल्या हवेच्या एक तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. जास्त ठेवला तर सूट फुग्यासारखा ताठतो आणि बोटं वळत नाहीत. 1965 मध्ये यानाबाहेर पडलेले अंतराळवीर अलेक्सेई लिओनॉव्ह यांना परत यानात शिरण्यासाठी सूटमधला दाब उतरवावा लागला होता. एवढ्या कमी दाबात श्वासाला पुरावं म्हणून आत शुद्ध ऑक्सिजन भरतात. बाहेर पडण्याआधीही बराच वेळ तोच घ्यावा लागतो, नाहीतर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सूक्ष्म उल्का आणि कडक उन्हापासून बाहेरचे अनेक थर सांभाळतात.

पण हेच पाणी जिवावरही उठू शकतं. 16 जुलै 2013 रोजी अंतराळवीर लुका पार्मितानो यांना अंतराळ स्थानकाबाहेरचा स्पेसवॉक सुरू होऊन पाऊण तास होत असताना डोक्यामागे ओल जाणवली. आधी सगळ्यांना वाटलं, पिण्याची पिशवी गळते आहे. पण पाणी वाढतच गेलं. तिथे वजन जाणवत नसल्याने ते खाली ओघळत नाही, चिकटून पसरतं. ते डोळ्यांवर आणि नाकात आलं. लुका सुरक्षा-दोरीच्या ओढीवरून दिशा ओळखत स्थानकात शिरायच्या कप्प्यापर्यंत, म्हणजे एअरलॉकपर्यंत पोहोचले. हेल्मेटमध्ये सुमारे दीड लिटर पाणी जमलं होतं. हवेतून पाणी वेगळं करणाऱ्या भागाची छिद्रं कचऱ्याने बुजली होती, त्यामुळे ते हवेच्या वाटेने डोक्याकडे आलं.

त्यानंतर हेल्मेटच्या मागच्या बाजूला पाणी शोषणारी गादी आणि तोंडाजवळ श्वासासाठी एक साधी नळी बसवली जाऊ लागली. आमच्या प्रतिकृतीत या दोन्ही वस्तूंवर लाल खूण आहे. मुलांना त्या जरूर दाखवा.