खरूज आणि उवा: आयव्हरमेक्टिन एकच, पण वापर वेगळा

गणपतीला चाकरमानी गावी आले की कोकणातल्या अनेक घरांत मुले एकाच अंथरुणावर दाटीवाटीने झोपतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांची खाज सुरू होते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती रात्री वाढणारी खाज बहुधा खरजेची असते. कानामागे आणि मानेवर खाजत असेल व केसांत लिखा दिसत असतील, तर उवांची. आयव्हरमेक्टिनची गोळी दोन्हींवर वापरतात, म्हणूनच घोटाळा होतो.

मात्रेचा नेहमीचा हिशेब दोन्हींत सारखाच आहे: दर किलो वजनामागे २०० मायक्रोग्रॅम. हे औषध जिवंत किडे मारते, अंडी मारत नाही. म्हणून खरजेत ७ ते १४ दिवसांनी आणि उवांत ७ ते १० दिवसांनी दुसरी मात्रा लागते. फरक आहे तो गोळीच्या स्थानात. खरजेत ती ५ टक्के परमेथ्रिन मलमाला पर्याय ठरते, आणि खाज नसली तरी घरातल्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. उवांवर मात्र आधी १ टक्का परमेथ्रिन आणि बारीक दातांची फणी वापरतात. ते निष्फळ ठरल्यावरच गोळीचा विचार होतो, आणि तोही ज्याच्या डोक्यात जिवंत उवा आढळतात त्याच्यापुरता.

समजा, खरूज झालेल्या बहिणीचे वजन ३० किलो आणि भावाचे १३ किलो आहे. बहिणीचा हिशेब ६,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६ मिलिग्रॅमचा होतो. त्याच गुणाकाराने भावाचे उत्तर २.६ मिलिग्रॅम येते, आणि ६ मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून द्यावी असा मोह होतो. तो टाळावा, कारण १५ किलोंखालील मुलांत या औषधाची सुरक्षितता पुरेशी सिद्ध झालेली नाही. आयव्हरमेक्टिन किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करते. माणसात रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते बाहेर थोपवतो, पण लहानग्यांत त्या अडसराची खात्री देता येत नाही. भावाला खरजेसाठी मलमच योग्य. दोन महिन्यांच्या बाळापासून ते वापरता येते.

मर्यादा वजनाची आहे, वयाची नव्हे. पाच वर्षे पूर्ण झालेले किरकोळ अंगकाठीचे मूल १४ किलोंचे असू शकते, म्हणून अंदाज न करता अंगणवाडीच्या काट्यावर वजन करून तो आकडा डॉक्टरांना सांगावा. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन तर कोणत्याही वजनाच्या मुलाला देऊ नये; त्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० मिलिग्रॅम औषध असते.

खरजेची खाज उपचारानंतरही दोन ते चार आठवडे टिकते, आणि नेमकी इथेच जास्तीची गोळी दिली जाते. नवे पुरळ उठत नसेल, तर केवळ खाजेसाठी गोळी पुन्हा देऊ नये. उवांत मात्र पाहायची असते ती चालती ऊ. रिकाम्या लिखा केसांना चिकटून राहतातच. गोळीनंतर मूल सुस्तावले, चालताना झोकांड्या देऊ लागले किंवा त्याला झटका आला, तर उरलेल्या गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.