कांद्याने फिट थांबते?

“फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवली की माणूस शुद्धीवर येतो. आमच्याकडे सगळे हेच करतात. खरंय ना?”

नाही. अपस्माराचा झटका बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतो. कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि श्रेय कांद्याला मिळतं. (नाशकात कांदा जरा लवकर सापडतो, एवढंच.)

माझा भाचा पंचवटीत राहतो, नववीत आहे. निदान नुकतंच झालेलं. वर्गात झटका आला तेव्हा एकाने चप्पल काढली, दुसरा दातांत चमचा घालायला धावला. चमच्याने दात तुटतात, तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ काही गिळली जात नाही. शेजारच्या मैत्रिणीने मात्र घड्याळ पाहिलं, बाक सरकवले, डोक्याखाली स्वेटर ठेवला, टाय सैल केला. हातपाय कुणाला दाबू दिले नाहीत. झटके थांबताच त्याला कुशीवर वळवलं, म्हणजे लाळ बाहेर येते. पूर्ण भानावर येईपर्यंत पाणीही दिलं नाही. पाच मिनिटं उलटली असती, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा झटका आला असता, तर १०८ लावायचा होता.

दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, “तुझ्या डब्यातलं खाल्लं तर मला होईल का रे?” हा संसर्ग नव्हे, हे बाईंनीच सांगितलं.

खरी गडबड गोळीची निघाली. मित्रांना कळू नये म्हणून त्याने सहलीत दोन डोस चुकवले होते. आता सकाळ-संध्याकाळ आठचा गजर मोबाइलवर वाजतो, आणि तोच मित्र ओरडतो, “अरे, गोळी!”