ज्येष्ठ नागरिक सवलती व वयाचा पुरावा (विदर्भ)

ज्येष्ठ नागरिक सवलती व वयाचा पुरावा : शासकीय बस, दवाखाना व कचेरी येथे वयोमानानुसार मिळणाऱ्या सवलती आणि त्यासाठी लागणारी जन्मतारीख सिद्ध करण्याची रीत. ‘ज्येष्ठ’ कोण, याचे उत्तर खिडकीगणिक बदलते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या 2007 च्या केंद्रीय कायद्यात वय 60 आहे. एसटीच्या अर्ध्या तिकिटाला 65, मोफत प्रवासाला 75 आणि मोफत उपचारांच्या आयुष्मान वय वंदना कार्डाला 70 लागतात. रेल्वेभाड्यातील सवलत मार्च 2020 पासून स्थगित आहे.

एसटीतील मोफत प्रवास ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेखाली ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झाला. तिकीट फाडण्यापूर्वीच वाहकाला मूळ ओळखपत्र दाखवायचे असते. तो शून्य रकमेचे तिकीट देतो आणि ते उतरेपर्यंत जपून ठेवायचे. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असल्याने पांढरकवड्याहून आदिलाबादला किंवा गोंदियाहून बालाघाटला जाणाऱ्यास पुढचे भाडे भरावे लागते. शहर बससेवेला ही योजना लागू नाही. मार्च 2023 पासून महिलांना कोणत्याही वयात अर्धे तिकीट असल्याने 65 चा टप्पा आता व्यवहारात पुरुषांपुरताच उरला आहे.

दवाखान्यात वयाचा प्रश्न कमी येतो, कारण 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत उपचार सर्वांनाच निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात येत नाहीत. वय वंदना कार्डाला मात्र वय आधारवरूनच धरले जाते.

जन्मतारखेचा वाद : खेड्यात अडचण येते ती इथे. पंचाहत्तरीच्या आसपासच्या पिढीत दोन तारखा फार आढळतात. शाळेत गेलेल्यांची 1 जुलै असते. ती नाव घालताना मास्तरांनी लावलेली. शाळेचे तोंड न पाहिलेल्यांची 1 जानेवारी असते. आधार नोंदणीच्या वेळी अंदाजाने सांगितलेल्या वयावरून ती पडलेली. आधार प्राधिकरणाने डिसेंबर 2018 च्या परिपत्रकात आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असे स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर 2024 मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. खिडकीवर मात्र कार्डावर छापलेली तारीखच चालते. वाहकाला न्यायनिवाडा करता येत नाही, हेही खरे.

उदाहरणादाखल, मूल तालुक्यातील एका शेतकऱ्याची शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत 1 जुलै 1949 आणि आधारवर 1 जानेवारी 1952 ही तारीख आहे असे धरू. शाळेच्या नोंदीने त्याला 1 जुलै 2024 पासून चंद्रपूरपर्यंत फुकट जाता आले असते. आधारप्रमाणे 1 जानेवारी 2027 पर्यंत अर्धे तिकीट काढावे लागते. म्हणजे अडीच वर्षांचा फरक. जुने मतदार ओळखपत्र अशा वेळी कामी येतेच असे नाही. त्यावर पुष्कळदा तारीख नसून ‘1 जानेवारी 1995 रोजी वय’ एवढेच असते, आणि तो आकडाही घरच्यांनी तोंडी सांगितलेला.

दुरुस्ती आधार केंद्रावर होते, पण जन्मतारीख साधारणतः एकदाच बदलता येते. म्हणून हाती लागेल तो कागद घेऊन धावू नये. पुरावा पक्का करून मगच जावे आणि केंद्रात लावलेली ग्राह्य कागदपत्रांची यादी आधी पाहून घ्यावी. जन्म प्रमाणपत्र सर्वांत सुरक्षित.

जन्म प्रमाणपत्र नसेल तर विदर्भात कोतवाल बुकाचा आधार घेतात. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर नोंदवी. त्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडतात आणि अर्ज केल्यास नक्कल मिळते. जातपडताळणीच्या निमित्ताने त्या लोकांच्या अधिक परिचयाच्या आहेत. अर्जात गाव, बापाचे नाव आणि अंदाजे साल द्यावे. मागची-पुढची दोन-तीन वर्षेही पाहायला सांगावे. अडचण अशी की नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. भावंडे एकापाठोपाठ झालेली असली तर नोंद नेमकी कोणाची, हे ठरवणे कठीण जाते. कित्येक वह्यांची पाने वाळवीने खाल्लेली असतात. तरीही खबर जन्मानंतर लवकर लिहिली जात असल्याने मास्तरांच्या 1 जुलैपेक्षा ही नोंद अधिक विश्वसनीय मानणे योग्य वाटते. नुसती नक्कल आधार केंद्रावर पुरेलच असे नाही. तिच्या बळावर विलंबित जन्मनोंदणीचा आदेश मिळवून प्रमाणपत्र घेणे हा लांबचा, पण टिकणारा मार्ग होय.