शाळा सोडली तर बस फी किती परत मिळते? नोटीस सोप्या भाषेत, हिशोबासकट

शाळेच्या नोटीसमध्ये एकच ओळ होती, "वाहतूक शुल्काचा परतावा नियमानुसार प्रमाणशीर पद्धतीने, प्रशासकीय शुल्क वजा करून देय राहील." आता यातून कुणाला काय कळणार, रोज काउंटरवर भांडणं व्हायची, म्हणून मी ती नव्याने लिहायला घेतली.

खरी गोची "प्रमाणशीर" या शब्दात आहे. समजा वर्षाची बस फी १८,००० आणि बस धावते १० महिने, मग महिन्याचे १,८०० झाले. पण कॅलेंडरचे महिने १२ म्हणून कुणी १२ ने भागलं तर महिना पडतो १,५०० चा. पाच महिने बस वापरली आणि पाच उरले असं धरा. १२ च्या दराने उरलेल्या महिन्यांचे पैसे काढले तर ७,५०० परत मिळतात, आणि त्याच दराने वापरलेले महिने वजा केले तर १०,५००! नोटीस तीच, पण उत्तरात ३,००० चा फरक. हिशोब बरोबर आहे का ते ओळखायची सोपी खूण म्हणजे वापरलेले पैसे अधिक उरलेले पैसे यांची बेरीज भरलेल्या फीइतकीच यायला हवी. १० ने भागलं की ९,००० आणि ९,०००, बेरीज जुळते.

दुसरं भांडण तारखेचं. दाखल्यासाठी अर्ज केला म्हणजे बसही बंद झाली असं पालक समजतात, पण आमच्याकडे ट्रान्सपोर्टचं रजिस्टर वेगळं, तिथे वेगळा अर्ज दिला नाही तर मुलाची सीट चालूच राहते आणि महिने मोजले जातात. म्हणून नवीन नोटीस अशी लिहिली:

"बस बंद करायचा अर्ज ट्रान्सपोर्ट काउंटरवर द्या आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. त्या तारखेपासून एक महिना नोटीस धरली जाईल आणि ती ज्या महिन्यात संपेल तो महिना पूर्ण धरला जाईल. महिन्याची फी म्हणजे वर्षाची फी भागिले १०. उरलेल्या महिन्यांच्या रकमेतून ५०० रुपये वजा करून बाकी पैसे खात्यात जमा होतील. सोबत फी भरल्याची पावती, बस पास आणि कॅन्सल केलेला चेक जोडा."

आता उदाहरण. अर्ज दिला चौथ्या महिन्याच्या १२ तारखेला, नोटीस संपली पाचव्याच्या १२ ला, म्हणजे पाच महिने धरले.

```
18000 / 10 = 1800
1800 × 5 = 9000
18000 - 9000 = 9000
9000 - 500 = 8500
```

परत ८,५००. हाच अर्ज तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दिला असता तर नोटीस चौथ्यातच संपली असती आणि १,८०० जास्त मिळाले असते, त्यामुळे जायचं ठरलं की दाखल्याची वाट बघत बसू नका, बसचा अर्ज आधी द्या.

फी हप्त्याने भरली असेल तर वजाबाकी भरलेल्या रकमेतूनच होते. पहिला हप्ता ९,००० भरला आणि पाच महिने वापरले तर परतावा शून्य, आणि अशा वेळी ५०० वेगळे मागायचे नाहीत, हेही नोटीसमध्ये खाली लिहून टाकलंय कारण आमच्याच क्लार्कने एकदा मागितले होते.