सासूबाई शेजारी असताना दिलेलं उत्तर

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी मी मनःस्थितीची प्रश्नावली घेऊन बसले होते. समोर तिशीतल्या ताई, बाजूला तांदूळ निवडणाऱ्या सासूबाई. "गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का?" "नाही जी, मला काय झालं!" झोपेच्या प्रश्नालाही "नाही"च. निघताना जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रात्री तीन वाजेपर्यंत डोळा लागत नाही जी."

या प्रश्नावलीचं नाव पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा त्याहून जास्त आली की सहसा पुढे तपासणी करायला सांगतात. ताईंचे गुण आले 2. त्या खोटारड्या नव्हत्या. चारचौघांत जे शोभतं ते आपल्या तोंडून आपसूक निघतं.

याच अडचणीवर स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकानं 1965 मध्ये एक तोडगा मांडला: उत्तरात मुद्दाम योगायोग मिसळायचा. त्याचं एक सोपं रूप नाण्याचं आहे. नाणं उत्तर देणाऱ्यानं उडवायचं, आपल्याला दाखवायचं नाही. छापा पडला तर डोळे मिटून "हो" म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. समजा, 200 बायकांना "जगणं नकोसं वाटलं का?" असं विचारलं आणि 130 "हो" आले. त्यातले साधारण 100 नुसत्या छाप्याचे. उरलेले 30 "हो" काटा पडलेल्या शंभरांमधले, म्हणजे अंदाज 30 टक्के. कुणाचा "हो" खरा, हे मलाही कळत नाही, म्हणून बोलायला धीर येतो.

पण याची किंमत मोठी आहे. निम्मी उत्तरं योगायोगातच जातात, त्यामुळे तेवढ्याच खात्रीसाठी कितीतरी जास्त माणसं लागतात. शिवाय छापा पडूनही काहींच्या तोंडून "हो" निघत नाही आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. आणि मदत नेमकी कोणत्या ताईंना हवी, हे तर कळतच नाही.

डेलरॉय पॉलहस या मानसशास्त्रज्ञानं अशा शोभेलशा उत्तरांमागच्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या: लोकांसमोर प्रतिमा जपणं आणि स्वतःचीच समजूत काढणं. पहिली एकांतात बरीच सैल होते. दुसरीला नाणंही उपयोगाचं नाही, कारण "मी ठीक आहे" हे त्या माणसाला मनापासून खरं वाटत असतं. एकांतातली उत्तरं बदलली तर पहिलीचा हात होता असं धरता येतं. नाही बदलली, तर मात्र दुसरी आहे की माणूस खरंच बरा आहे, हे प्रश्नावली सांगू शकत नाही.

ताईंकडे मी पुन्हा गेले ते दुपारी, सासूबाई देवळात गेलेल्या असताना. प्रश्नावलीचे शब्द बदलले तर गुणांची तुलना करता येत नाही, म्हणून ती तशीच ठेवली, फक्त शेवटी एक प्रश्न जोडला: "काल रात्री डोळा लागला तेव्हा घड्याळात किती वाजले होते?" या वेळी बेरीज 13 आली. घड्याळाच्या प्रश्नावर त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "पावणेचार."