स्टेटसची क्लिप आणि ग्रुपची क्लिप: सेकंद तेच, बांधणी वेगळी

सणाच्या आदल्या रात्री आशीर्वादाची पंधरा सेकंदांची क्लिप तयार करायची आणि सकाळी तीच स्टेटसला ठेवून तीच घरच्या ग्रुपवरही टाकायची, हा आता अनेक घरांतला शिरस्ता झाला आहे. फाइल एकच असल्याने दोन्ही गोष्टी एकच आहेत असे वाटते. प्रत्यक्षात स्टेटस पाहणारा माणूस आणि ग्रुपवर क्लिप उघडणारा माणूस तिच्याकडे दोन वेगळ्या वाटांनी येतात. शेवटची ओळ कोणती असावी, ती पडद्यावर कुठे असावी आणि तिच्याखाली नाव द्यावे की नाही, हे या वाटांवर ठरते.

पंधरा सेकंदांचे माप मात्र दोन्हीकडे योग्य आहे. 2020 च्या मार्चअखेरीस, टाळेबंदीच्या काळात, व्हॉट्सॲपने यंत्रणेवरचा ताण कमी करण्यासाठी भारतात स्टेटसच्या व्हिडिओची मर्यादा 30 सेकंदांवरून 15 वर आणली होती. पुढे ती पूर्ववत झाली आणि नंतर वाढलीही, पण आशीर्वादाला त्याहून अधिक वेळ लागत नाही. एक दृश्य, एक आवाज आणि एक ओळ एवढे पंधरा सेकंदांत नीट बसते, आणि त्यात चौथी गोष्ट घातली की यांपैकी एक तरी दबते.

दसऱ्याचे उदाहरण घेऊ. पितळी ताटात आपट्याची पाने आहेत, आजीचा हात त्यांतले एक पान उचलतो, तिच्या आवाजात आशीर्वाद ऐकू येतो आणि शेवटी ओळ उमटते: ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा.’ (पान इतक्या जवळून दाखवायचे तर ते आपट्याचेच आहे याची खात्री करून घ्यावी. बाजारात कांचनाची पानेही आपटा म्हणून विकली जातात. ती आकाराने मोठी असतात आणि कॅमेऱ्यात हा फरक लपत नाही.)

हीच क्लिप स्टेटसला ठेवली तर काय होते ते पाहू. ती पूर्ण पडदा व्यापते आणि उघडताच सुरू होते. वरच्या कडेला ठेवणाऱ्याचे नाव आणि वेळ दिसते, खालच्या कडेला उत्तर लिहिण्याची जागा असते, आणि मथळा लिहिला असेल तर तोही तिथेच चित्रावर येतो. म्हणून 1080 बाय 1920 च्या उभ्या चौकटीत वरचा आणि खालचा साधारण सातवा भाग अक्षरांसाठी वापरूच नये. शेवटची ओळ मध्यभागी किंवा त्याच्या थोडी खाली बसवावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्लिप संपताच पुढचे स्टेटस आपोआप सुरू होते. ओळ तेराव्या सेकंदाला आली, तर ती वाचून होण्याआधीच दुसऱ्या कोणाचा तरी व्हिडिओ समोर येतो. ती दहाव्या सेकंदापर्यंत पूर्ण उमटलेली असावी आणि त्यानंतर शेवटपर्यंत हलू नये. चार शब्दांच्या ओळीला पाच सेकंद जास्त वाटतात, पण घरातल्या ज्येष्ठांना चष्मा सावरून वाचायला एवढा अवधी लागतोच.

ग्रुपवर क्लिप आपोआप सुरू होत नाही. तिथे आधी एक स्थिर चित्र दिसते, त्याच्या मधोमध प्लेचे वर्तुळ असते आणि ते दाबले तरच क्लिप चालते. मोबाइल डेटावर असलेल्यांना तर आधी ती उतरवून घ्यावी लागते. हे स्थिर चित्र बहुधा क्लिपच्या सुरुवातीचेच असते. स्टेटससाठी अंधारातून हळूहळू उजळणारी सुरुवात शोभते, पण ग्रुपवर त्याच सुरुवातीमुळे नुसता काळा चौकोन दिसतो, आणि सणाच्या सकाळी इतर पन्नास संदेशांमध्ये तो कोणी उघडत नाही. ग्रुपसाठीच्या प्रतीत पहिल्याच क्षणी ताट आणि हात उजेडात दिसायला हवेत, आणि पान वर्तुळाखाली झाकले जाऊ नये म्हणून ते जरा बाजूला असावे.

नावाच्या बाबतीत दोन्हींचा नियम नेमका उलटा आहे, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. स्टेटसला नाव वर आपोआप दिसते, त्यामुळे क्लिपच्या शेवटी ‘शुभेच्छुक’, त्याखाली नाव, त्याखाली गाव आणि कोपऱ्यात फोटो घातला, तर आशीर्वादाची ओळ त्या गर्दीत हरवते. ग्रुपवरची क्लिप मात्र पुढे जाते. पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ असे येते, मूळ पाठवणाऱ्याचे नाव येत नाही. दोन हातांपलीकडे गेलेला आजीचा आवाज कोणाचा आहे, हे कोणालाच कळत नाही. म्हणून ग्रुपच्या प्रतीत ओळीखाली लहान अक्षरांत ‘– कुसुमआजी, सातारा’ एवढे असावे, त्याहून अधिक नको.

आशीर्वाद कोणी कोणाला द्यायचा, याचाही विचार करावा लागतो. दसऱ्याला धाकट्यांनी सोने देऊन नमस्कार करायचा आणि थोरांनी आशीर्वाद द्यायचा, ही आपली रीत आहे. ग्रुपवर समोर कोण आहे हे ठाऊक असते, त्यामुळे आजी नावानिशी बोलू शकते: ‘ओंकार, यंदा दहावी आहे, यशस्वी हो.’ स्टेटस मात्र, ते कोणाला दिसावे याचे सेटिंग बदलले नसेल तर, ज्यांचे नंबर एकमेकांकडे साठवलेले आहेत अशा सगळ्यांना दिसते. त्यांत शाळेतले गुरुजी असतात आणि सासरची वडीलधारी मंडळीही असतात. तिथे पंचविशीतल्या मुलाने स्वतःच्या आवाजात ‘यशस्वी हो, सुखी राहा’ म्हणणे खटकते. आवाज आजीचा असेल आणि ओळ सर्वांना लागू पडणारी असेल, तर तीच क्लिप कोणालाही आगाऊपणाची वाटत नाही. माझ्या मते स्टेटससाठी परंपरेतली ओळ जशीच्या तशी घ्यावी आणि नवे शब्द ग्रुपसाठी राखून ठेवावेत.

झगमगाट दोन्हीकडे टाळावा, आणि त्यामागे आवडीनिवडीपेक्षा तांत्रिक कारण मोठे आहे. क्लिप पाठवताना व्हॉट्सॲप ती दाबून लहान करते. चित्रातला जो भाग सतत हलतो, तो साठवायला जास्त माहिती लागते. पडणाऱ्या पाकळ्या, चमचमते कण आणि फिरते चक्र यांवर ती खर्च झाली, की अक्षरांच्या कडांना फारशी उरत नाही. त्यातून वेलांटी पुसट होते, अनुस्वार पार्श्वभूमीत विरतो आणि ‘सोन्यासारखे’ मधला अर्धा न ओळखू येत नाही. स्थिर, गडद पार्श्वभूमीवर जाड वळणाची पांढरी अक्षरे या दाबातून शाबूत राहतात.

दोन प्रती करण्यासाठी वेगळी मेहनत लागत नाही. संकलन एकदाच करावे, स्टेटसची प्रत नावाशिवाय काढावी, आणि ग्रुपसाठी पहिला सेकंद उजळ करून शेवटच्या पाच सेकंदांत नाव घालावे. मग दोन्ही प्रती आधी स्वतःच्याच नंबरवर पाठवाव्यात, कारण संपादन करताना दिसणारे चित्र दाबलेले नसते. आलेली क्लिप फोन हातभर लांब धरून, आवाज बंद ठेवून पाहावी. ओळ एका नजरेत वाचता आली पाहिजे. काही संपादन ॲपमध्ये रफार सुटा पडतो किंवा जोडाक्षर फुटते, म्हणून ‘आशीर्वाद’ हा शब्द असेल तर त्यातला रफार ‘वा’ वरच आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.