भोजनगृहातील रंगयोजना आणि भूक

जेवणाची खोली, खानावळ किंवा छोटे उपाहारगृह येथील रंगांचा जेवणाऱ्याच्या भुकेवर, तसेच अन्न चाखताना त्याला येणाऱ्या प्रत्ययावर होणारा परिणाम, आणि तो ध्यानात घेऊन केलेली रंगांची निवड. या विषयावरील लेखनात चार निरनिराळ्या गोष्टी वारंवार एकत्र केल्या जातात : खुद्द अन्नाचा रंग, ताटाचा रंग, प्रकाशाचा रंग आणि भिंतीचा रंग. पहिल्या तिघांविषयी प्रयोग झाले आहेत. भिंतीविषयीचा बहुतेक प्रचलित सल्ला मात्र त्या प्रयोगांवरून तर्काने पुढे नेलेला आहे. म्हणून ‘निळ्याने भूक मरते, लाल-पिवळ्याने वाढते’ हे सर्वतोमुखी विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

निळ्या रंगाविषयीच्या समजुतीचे मूळ वादग्रस्त आहे. तिच्या पुष्ट्यर्थ बहुधा एकच कथा सांगितली जाते. काही पाहुण्यांना मंद, रंगीत प्रकाशात मांसाचा तुकडा, बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि मटार वाढण्यात आले. जेवण रंगात आले असता नेहमीचा प्रकाश लावला गेला आणि मांस निळे, बटाटे हिरवे व मटार लाल असल्याचे उघड झाले, तेव्हा काहींना मळमळू लागले. ही कथा विपणनशास्त्रावरील लेखनात १९७३ मध्ये व्हीटली यांनी दिली आणि पुढे ती पाठ्यपुस्तकांत शिरली. तीत पाहुण्यांची संख्या नाही, स्थळकाळाचा तपशील नाही आणि तुलनेसाठी दुसरा गटही नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांनी २०२१ मध्ये तिचा माग काढून तिच्या प्रयोग म्हणून असलेल्या विश्वासार्हतेबद्दल शंका घेतली, आणि त्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यापूर्वी, १९३६ च्या सुमारास, मॉयर या रसायनज्ञाने आपल्या सहकाऱ्यांना मुद्दाम चुकीच्या रंगात रंगवलेले पदार्थ खाऊ घातल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध आहे. चव बिघडल्याची तक्रार तेथेही झाली. मात्र या दोन्ही ठिकाणी बदलला होता तो अन्नाचा रंग. सवयीच्या पदार्थाला अनोळखी रंग आला की नासल्याची शंका येते, हे त्यावरून दिसते. भिंत निळी असल्याने माणूस कमी जेवतो, असे त्यावरून निघत नाही.

प्रकाशाबाबतचा पुरावा थोडा अधिक भक्कम आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात न्याहरीचे तेच पदार्थ पांढऱ्या, पिवळ्या आणि निळ्या प्रकाशात देण्यात आले. निळ्या प्रकाशात पुरुषांनी कमी खाल्ले, स्त्रियांच्या खाण्यात तसा फरक आढळला नाही. पदार्थाचे रूप कमी आवडले, चवीचा प्रत्यय फारसा बदलला नाही. येथेही प्रकाश निळा होता आणि तो थेट अन्नावर पडत होता. नाट्यशास्त्रात रसांना वर्ण नेमून दिलेले आहेत आणि किळस हा ज्याचा स्थायिभाव त्या बीभत्साचा वर्ण नील सांगितला आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्ष वेधून घेते. परंतु ती रंगभूमीची संकेतव्यवस्था असल्याने तिला भुकेविषयीचा पुरावा मानणे योग्य नव्हे.

लाल रंगाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. गेन्शोव आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात लाल ताटलीतून लोकांनी खारे पदार्थ कमी खाल्ले आणि लाल खुणेच्या पेल्यातून पेय कमी घेतले. उलट, तीव्र स्मृतिभ्रंशाच्या मोजक्या रुग्णांवरील २००४ च्या अभ्यासात पांढऱ्याऐवजी गडद लाल भांडी दिल्यावर अन्न सुमारे २५ टक्के आणि पेय सुमारे ८४ टक्के अधिक घेतले गेले. हे निष्कर्ष परस्परविरोधी भासले, तरी दुसऱ्या अभ्यासाचा भर रंगछटेवर नसून अन्न व भांडे यांच्यातील गडद-फिकट विरोधावर होता. फिकट ताटातले फिकट अन्न ज्यांना नीट दिसत नव्हते, त्यांना ते गडद भांड्यात दिसू लागले. २०१२ मधील दुसऱ्या एका प्रयोगात तेच स्ट्रॉबेरीचे गोड पांढऱ्या ताटलीत काळ्या ताटलीतल्यापेक्षा सुमारे १० टक्के अधिक गोड ठरले. या सर्वांचा मेळ घालताना ‘अमुक रंग भूक वाढवतो’ या विधानापेक्षा ‘अन्नाचा स्वतःचा रंग कशामुळे खुलतो’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. झटपट खाद्यगृहांच्या लाल-पिवळ्या पाट्यांचे स्पष्टीकरणही, प्रस्तुत लेखकाच्या मते, भुकेपेक्षा रस्त्यावरून लांबून दिसण्यात शोधावे.

वरील प्रयोगांतील भांडी बहुतांशी चिनी मातीची किंवा प्लॅस्टिकची, म्हणजे स्वतःचा पक्का रंग असलेली होती. पुण्यातील खानावळीत आणि मिसळीच्या दुकानात मात्र वाढप स्टीलच्या ताटवाटीत होते, आणि स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. ते समोरचा रंग दाखवते. बसलेला माणूस ताटाकडे तिरक्या नजरेने पाहतो, त्यामुळे ताटाच्या सपाट तळात त्याला समोरच्या भिंतीचा वरचा भाग आणि छत यांचे धूसर प्रतिबिंब दिसते. छत पिवळट वा काजळलेले असेल, तर घासूनपुसून आणलेले ताटही मळकट वाटते. हिरव्यागार केळीच्या पानावर पांढरा भात, त्यावर पिवळे वरण आणि डावीकडे लालसर कोशिंबीर ज्या ठसठशीतपणे दिसते, तो ठसठशीतपणा स्टीलच्या ताटात छत व दिवे यांच्याकडून मिळवावा लागतो.

दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे पाहावेत. पहिला रंगतापमानाचा. पुण्यातील जुन्या गाळ्यांत सर्रास आढळणाऱ्या थंड पांढऱ्या नळ्या ६५०० केल्विनच्या असतात. जेवणाच्या जागी २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश अधिक मानवतो. दुसरा आकडा रंगदर्शन निर्देशांकाचा, म्हणजे सीआरआयचा. हा आकडा आठ सौम्य रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि त्यांत गडद लाल नसतो. त्याचे मोजमाप ‘आर ९’ या नावाने वेगळे होते. परिणामी निर्देशांक ८० असलेल्या एलईडी दिव्यातही गडद लाल जवळजवळ हरवलेला असू शकतो, आणि मिसळीची तर्री, आमटीवरची फोडणी व टोमॅटोचे सार हे नेमके त्याच पट्ट्यात येतात. ९० किंवा त्याहून अधिक निर्देशांकाचा दिवा घेतल्यास हा दोष बहुधा टळतो. प्रकाश फार मंद करणेही लालाला मारक असते, कारण अंधुक उजेडात डोळ्याची लालाविषयीची संवेदना निळ्या-हिरव्यापेक्षा आधी मंदावते. पुर्किंये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवलेला परिणाम तो हाच.

उदाहरणादाखल सदाशिव पेठेतील जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर असतो तसा मिसळीचा एक गाळा घेऊ. रुंदी १० फूट, खोली १५ फूट, उंची १० फूट. उजेड फक्त पुढच्या शटरमधून. भिंतींना पिस्ता रंगाचा चकचकीत तैलरंग, छताला नीळ घातलेला चुना आणि दोन थंड पांढऱ्या नळ्या. तक्रार अशी की, पुढच्या बाकावर तांबडीलाल दिसणारी तर्री मागच्या बाकावर तपकिरी, शिळी वाटते. दोष दिव्याचा की भिंतीचा, हे आधी ठरवावे. पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत चमचाभर तर्री घेऊन ती मागच्या बाकावर ठेवावी आणि तिच्यावर उबदार, चांगल्या निर्देशांकाचा दिवा जवळून धरावा. लाल परतला तर दोष दिव्याचा. मग भिंतीपासून वीतभर अंतरावर पांढरी ताटली धरून तिच्या भिंतीकडच्या कडेकडे पाहावे. ती कड हिरवट दिसत असेल, तर भिंतही आपला रंग अन्नावर टाकते आहे. अशा अरुंद गाळ्यात दोन्ही दोष एकत्र असणे संभवते.

दिवे आधी बदलावेत आणि रंगाची छटा त्यांच्याच प्रकाशात निवडावी. हा क्रम उलटला की फसगत होते : जुन्या नळीखाली सौम्य वाटलेला मलई रंग उबदार दिव्याखाली पिवळाधमक होतो. शेडकार्डावरचा चौकोनही पुरेसा नाही, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात आणि छटा कार्डावरच्यापेक्षा गडद भासते. मागच्या भिंतीवर दोन फूट लांब व दोन फूट रुंद पट्टा रंगवून तो सकाळी आणि रात्री पाहावा, आणि शंका आल्यास एक पायरी फिकी छटा घ्यावी. येथे भिंतींसाठी किंचित पिवळसर मोतिया छटा, झळाळी नसलेली, आणि छतासाठी नीळ न घातलेला साधा पांढरा योग्य ठरेल. चुन्यात नीळ घालण्याची पद्धत चुन्याचा पिवळटपणा झाकण्यासाठी आहे आणि इतरत्र ती चांगलीच; ताटात प्रतिबिंबित होणाऱ्या छताला मात्र ती मानवत नाही.

तीन भिंतींची लांबी ४० फूट होते. खुर्च्यांच्या पाठी आणि तेलकट हात बहुधा तीन फुटांखाली लागतात, म्हणून तेवढ्या उंचीपर्यंत धुता येणारा गेरूसारखा विटकरी रंग द्यावा. ते १२० चौरस फूट होतात आणि मोतियासाठी २८० चौरस फूट उरतात. हा पट्टा चार फुटांवर नेण्याचा मोह टाळावा. मेज सुमारे अडीच फुटांवर असते. पट्टा त्याच्या फार वर गेला की विटकरी झाक ताटात उतरते. मिसळीला ती बाधत नाही, परंतु वरण-भात, पोळी किंवा इडली गुलाबी दिसू लागते. म्हणून राईसप्लेट देणाऱ्या खानावळीत विटकरीऐवजी करडा-तपकिरी पट्टा अधिक सुरक्षित होय. मेजावर काळसर कडप्पा असेल तर तो तसाच ठेवावा. स्टीलचे ताट त्यावर उठून दिसते.

जुन्या तैलरंगावर पाण्यात मिसळणारा रंग सरळ मारला, तर तो वर्षाच्या आत पापुद्रे धरतो. आधी पॉलिशपेपरने चकाकी घासून काढावी, खड्डे लांबीने भरावेत, प्रायमर द्यावा आणि मग दोन हात मारावेत. तव्याच्या मागची भिंत धुराने व तेलाच्या वाफेने काही महिन्यांतच पिवळी पडते, तेथे कोणतीही छटा टिकत नाही. साधी पांढरी फरशी लावणे बरे.

घरच्या जेवणाच्या खोलीस हेच लागू पडते, फक्त ताटे चिनी मातीची असल्यास छताचे महत्त्व कमी होते आणि मेजावरच्या दिव्याचे वाढते. घरी निळी भिंत हवीच असेल, तर ती जेवणाऱ्यांच्या पाठीमागे नसून खोलीच्या दूरच्या टोकाला असावी आणि मेजावरचा दिवा उबदार असावा. ताटलीची कड पांढरीच दिसत असेल, तर त्या भिंतीने अन्नाच्या रंगात काही बिघाड केलेला नाही.